धागा: रोहूचे तुकडे रस्स्यात अख्खे राहावेत म्हणून आच किती, वेळ किती?

मानेवाडा_चौक
मंगळवारी बाजारातून सव्वा किलोच्या आसपासचा रोहू आणतो. साफ करून, डोकं बाजूला काढून तुकडे पाऊण किलो भरतात. रस्सा आपला नेहमीचाच: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, काळा मसाला. चवीची तक्रार नाही. पण वाढायला घेतलं की पाठीच्या तुकड्यांचे पदर सुटतात आणि काटे रस्स्यात उतरतात. ‘मंद आचेवर ठेवा’ असं सगळेच सांगतात. मंद म्हणजे नेमकी किती, आणि कितव्या मिनिटाला गॅस बंद करायचा? तुकडे दीड ते दोन सेंमी जाड असतात. मसाला परतला की पाणी आणि मासा सोबतच घालतो आणि तर्री वर येईपर्यंत, म्हणजे २०-२५ मिनिटं, शिजू देतो.

गंजभर
काहून एवढं डोकं लावता भाऊ? चिंच घाला. आंबट लागलं की मासोळी घट्ट होते. मंग बारीक आचेवर अर्धा तास ठेवा नाहीतर पाऊण तास, फुटत नाही म्हणजे नाही.

तर्रीताई
गंजभर भाऊ, चिंचेचं अर्धं बरोबर आहे. आंबटानं तुकड्याचा वरचा थर लवकर आवळतो, म्हणून चिंचेच्या रस्स्यात कडा सुबक राहतात. पण अर्धा तास मात्र नाही.

माशाचं मांस मटणासारखं लांब धाग्यांचं नसतं. पातळ पदर एकावर एक रचलेले असतात आणि दोन पदरांमध्ये एक नाजूक पांढरा पापुद्रा असतो, तोच त्यांना धरून ठेवतो. मटणातला असा चिवट भाग विरघळायला तासभर लागतो, माशातला ५०-५५ अंशांनाच सुटायला लागतो. म्हणजे मासा शिजणं आणि मासा सुटणं या दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी सुरू होतात. शिजलेल्या तुकड्याला जितकी जास्त मिनिटं द्याल तितका तो आतून मोकळा होत जातो. आच मंद असली तरी होतो, फक्त रस्स्यात न विखुरता वाढताना सराट्यावर विखुरतो. मूळ प्रश्नात नेमकं हेच दिसतंय.

मानेवाडा, तुमची अडचण आचेच्या आधी क्रमाची आहे. आपल्या रस्स्याला शिजायला वेळ लागतो. खोबरं-खसखस कच्ची लागू नये आणि तर्री सुटावी म्हणून २० मिनिटं हवीतच. माशाला त्याच्या निम्मीही नकोत. दोघांना एकत्र टाकलं की एकाचं घड्याळ दुसऱ्यावर लादलं जातं. मासा नसताना रस्सा पूर्ण तयार करा: मीठ, चिंच, तिखट सगळं घालून, चव बघून, तर्री वर आणून. त्यानंतर मासा.

मानेवाडा_चौक
पण माशाची चव रस्स्यात उतरायला नको का? आठ-दहा मिनिटांत काय उतरणार?

तर्रीताई
ती चव डोक्याकडून घ्या. डोकं, शेपटीचा शेवटचा तुकडा आणि साफ करून धुतलेले कल्ल्याजवळचे हाडाचे भाग रस्सा शिजतानाच टाका, शेवटची १०-१२ मिनिटं. ते फुटले तरी कोणाचं काही जात नाही. कल्ले स्वतः मात्र काढूनच टाका, कडू आणि चिखलाची चव तिथूनच येते.

उमरेडची_मावशी
माझी मासोळी तव्याले चिकटते. वरची साल तव्यावरच राहून जाते. त्यालेपण आच कमी करू का?

भोईपुरा_कट
मावशी, तुमचं उलटं आहे. तव्यावर आच कमी असली की चिकटते. तवा चांगला तापू द्या, तुकडा कोरडा पुसून टाका आणि खालून सुटेपर्यंत हलवू नका. इथे रस्स्याचं चाललंय.

मूळ प्रश्नावर माझं दुकानाकडून बोलतो. तुकडे ‘दीड ते दोन सेंमी’ म्हणजे त्यात फरक आहे, आणि तो फरकच रस्सा बिघडवतो. एक तुकडा दीडचा, शेजारचा अडीचचा, तर जाड शिजेपर्यंत पातळ गेला. कापताना सांगा की सगळे सारखे पाहिजेत, अंगठ्याच्या जाडीचे. अंगठ्याची जाडी साधारण दोन सेंमी. रोहू-कतल्यासाठी रस्स्याला हाच माप बरा. साल काढायला सांगू नका आणि मधला काटाही राहू द्या. साल आणि मणक्याचा काटा हे तुकड्याला दोन्हीकडून धरतात. बिनकाट्याचे, बिनसालीचे पांढरे तुकडे पाकिटात मिळतात, ते रस्स्यात टिकायची अपेक्षाच करू नका.

दुसरं, पोटाकडची पट्टी पाठीपेक्षा पातळ असते. मोठ्या कतल्यात तर पाठ आणि पोट वेगळे कापून घ्या आणि पोटाचे तुकडे तीन-चार मिनिटं उशिरा सोडा.

थर्मामीटर_वर्धारोड
जाडीचा हिशेब लिहितो, माझ्याकडे काडीचं थर्मामीटर आहे म्हणून आकडे देता येतात. रस्सा ८५ ते ९० अंशांवर धरायचा. तुकडा मधोमध, काट्याला लागून, ६३ ला पोचला की शिजला. गोड्या पाण्यातल्या माशाला यापेक्षा कच्चं ठेवू नये, त्यात जंत असू शकतात.

त्या आचेवर काटा आणि साल असलेला तुकडा:
१ सेंमी – ३ मिनिटं
दीड सेंमी – ५
२ सेंमी – ७
अडीच सेंमी – १० ते ११
३ सेंमी – १४ च्या आसपास

जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, दुपटीच्या बराच पुढे जातो, कारण उष्णतेला दोन्ही बाजूंनी आत मधापर्यंत चालत जावं लागतं. ‘इंचाला दहा मिनिटं’ हे जे सांगतात ते इंचभर तुकड्याला ठीक बसतं. अर्ध्या इंचाला त्याच हिशेबानं पाच दिली तर दीड-एक मिनिट जास्त होतं.

आणि मिनिटं कधीपासून मोजायची? मासा सोडल्यापासून नाही. लीटरभर उकळत्या रस्स्यात पाऊण किलो थंड मासा पडला की रस्सा एकदम गप्प बसतो. कडेला पुन्हा पहिला बुडबुडा दिसला की तिथून घड्याळ. मासा फ्रिजमधून थेट टाकला तर हे थांबणं बरंच लांबतं आणि सगळा अंदाज चुकतो. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. मे महिन्यात नागपुरात पंधरा मिनिटं पुरे, त्याहून जास्त नको.

गंजभर
आता स्वयंपाकघरात थर्मामीटर! आमच्याकडे मासोळी पाहूनच समजते.

तर्रीताई
पाहूनच समजायला हवं, पण काय पाहायचं ते सांगायला हवं. सगळ्यांकडे काडी नसते.

८५-९० अंश म्हणजे रस्स्याच्या कडेला एकेक बुडबुडा सावकाश वर येतो, मधला भाग जेमतेम थरथरतो. मधूनही बुडबुडे फुटायला लागले तर आच जास्त. छोट्या बर्नरवर, सगळ्यात कमीपेक्षा किंचित वर, साधारण तिथे बसतं. जाळ मोठा ठेवून मासा लवकर शिजत नाही हे आधी डोक्यात घ्या. रस्सा १०० च्या वर जाणारच नाही. मोठ्या जाळानं फक्त खळबळ वाढते, आणि ती खळबळ तुकड्यांना एकमेकांवर आणि गंजाच्या तळावर आपटते.

आता आपल्याकडची खास अडचण. वऱ्हाडी रस्स्यावर तर्रीचा जाड थर असतो. त्या तेलाखालून वाफ सहज निसटत नाही, त्यामुळे त्याच जाळावर खालचा रस्सा साध्या रस्स्यापेक्षा जास्त गरम राहतो. वरून मात्र शांत दिसतो, कारण बुडबुडा तेलात अडकून हळूच फुटतो. लोक फसतात ते इथे. वरचं शांत तेल बघून जाळ वाढवतात आणि खाली मासा उकळत असतो. पळीनं तर्री एका बाजूला सारा आणि उघड्या पडलेल्या रस्स्याकडे पाहा. मी तर मासा सोडण्याआधी अर्धी तर्री वाटीत काढून ठेवायला सांगते, वाढताना वरून घालायची. रंगही उजळ राहतो.

हिंगणा_होस्टेल
माझ्याकडे गॅस नाही, इंडक्शन आहे. सगळ्यात कमीवर ठेवलं तरी दहा सेकंद खदखदतं, मग एकदम बंद पडतं, मग परत खदखदतं. पातळ स्टीलचं भांडं आहे. पंगसचे तुकडे टाकतो, त्याचा चिवडा होतो. काय करू?

थर्मामीटर_वर्धारोड
स्वस्त इंडक्शन कमी आचेला आच कमी करत नाही, पूर्ण ताकदीनं चालू-बंद होत राहतं. पातळ तळाला तो झटका थेट लागतो. लोखंडी तवा खाली ठेवून त्यावर भांडं ठेवा. तवा जड असला की झटके गिळतो. नाहीतर दुसरा मार्ग: रस्सा उकळवा, दीड सेंमीचे तुकडे सोडा, पुन्हा कडेला बुडबुडे आले की इंडक्शन बंद, घट्ट झाकण, भांड्यावर जाड टॉवेल, १२ ते १५ मिनिटं. रस्सा तुकड्यांच्या दुपटीपेक्षा जास्त असला तरच हे चालतं, कमी रस्सा लवकर निवतो. दीड सेंमीपेक्षा जाड तुकड्याला हा मार्ग नको. आणि खाण्याआधी एक तुकडा काट्यापाशी उघडून बघाच.

पंगस मुळातच मऊ आणि तेलकट. त्याला साल ठेवून कापायला सांगा, निम्मा प्रश्न तिथे मिटेल.

धंतोली_दा
सगळं लिहून झालं, पण तळण्याचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे रोहू हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात तळल्याशिवाय झोलात जातच नाही. एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन. वर खरपूस थर आला की तुकडा उलथापालथ सहन करतो.

तर्रीताई
दादा, थर येतो हे मान्य. पण तो वरचाच. आतले पदर तळल्यावरही तसेच सुटतात. तळलेला तुकडा निम्मा शिजलेलाच असतो, त्याला रस्स्यात दोन सेंमीला तीन-चार मिनिटं पुरेत. तळून पुन्हा १५ मिनिटं शिजवला की बाहेरून अख्खा, आतून कोरडा भुसा. शिवाय आमच्या जाड रस्स्यात तळलेला थर भिजून मसाला आत घेत नाही, अशी माझी समजूत आहे.

धंतोली_दा
मसाला घेत नाही हे पटत नाही. तळलेला थर भिजला की स्पंजासारखा रस ओढतो. आणि कच्च्या रोहूचा जो मातकट वास असतो तो तळल्यानं दबतो, त्याचं काय?

भोईपुरा_कट
मातकट वास तळ्याचा. मीठ-हळद आणि लिंबू लावून १५-२० मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फेकून धुवा, कोरडं करा. बराच जातो. मीठ लावल्यानं तुकडा घट्टही होतो, हा दुसरा फायदा. तासभर लिंबात ठेवू नका, वरचा थर कच्चाच पांढरा पडून चुरचुरीत होतो.

तळायचं की नाही, ते घरोघरी वेगळं. गिऱ्हाइकं दोन्हीकडची येतात आणि दोघंही दुसऱ्याला चूक म्हणतात.

एक मात्र कोणी विचारत नाही ते सांगतो. मरळ जिवंत घेता, समोर कापून घेता आणि तासाभरात गंजात टाकता. इतकं ताजं मांस शिजताना जोरात आकसतं, तुकडा वाकडा होतो आणि सालीपाशी फाटतो. कापून दोन-तीन तास बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवा, मग शिजवा. उलट बर्फात दूरवरून आलेला रोहू-कतला जुना असेल तर पोटाचा भाग आधीच सैल झालेला असतो. बोटानं दाबा. खड्डा तसाच राहिला तर तो रस्स्याचा मासा नाही, जाळ कितीही कमी ठेवा.

गंजभर
जिवंत मरळ घरी नेऊन लगेच टाकली तर चव वेगळीच लागते बाप्पा. थांबायचं काही पटलं नाही.

मानेवाडा_चौक
बरेच मुद्दे आले. एकदा सलग कोणी सांगेल का? पाऊण किलो, दोन सेंमीचे तुकडे, पसरट गंज.

तर्रीताई
लिहिते.

तुकड्यांना पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एका लिंबाचा रस. २० मिनिटांनी धुऊन कपड्यावर कोरडे करा. तोवर तीन मध्यम कांदे आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचे काप वेगवेगळे भाजून, चमचाभर खसखस, १२-१५ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि दोन चमचे धणे यांच्यासोबत बारीक वाटून घ्या. वाटण जितकं बारीक तितकं चांगलं. भरड असलं तर तळाला बसतं, लागतं, आणि लागलं की आपण ढवळायला जातो.

गंज असा घ्या की सगळे तुकडे एका थरात आडवे बसतील. उभा, खोल गंज घेतला तर वरच्यांचं ओझं खालच्यांवर येतं. सहा-सात मोठे चमचे तेल, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग हळद, दोन चमचे तिखट, दोन चमचे काळा मसाला. चार वाट्या गरम पाणी, मीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. २० मिनिटं झाकून शिजू द्या, शेवटची १०-१२ मिनिटं उरली की डोकं यात टाका. चव आत्ताच बघा. मासा पडल्यावर मीठ घालून ढवळायची वेळ यायला नको.

रस्सा या क्षणी हव्या त्याहून किंचित घट्ट असू द्या, मासा आपलं पाणी सोडतो. फार घट्ट मात्र नको. पिठल्यासारखा रस्सा खालून लागतो आणि ‘फटक्’ करून मोठे बुडबुडे फोडतो, तेही तुकड्याला धक्काच.

आता एक जोरदार उकळी, गॅस मध्यम, आणि तुकडे एकेक करून साल खाली ठेवून कडेपासून आत लावत जा. रस्सा तुकड्यांच्या जेमतेम वर यावा. पळी बाजूला ठेवा. गंजाच्या दोन्ही कानांना फडक्यानं धरून एकदा गोल हिसका द्या, रस्सा सगळीकडे जाईल. दोन-तीन मिनिटांत कडेला बुडबुडे परत येतील. तिथून गॅस छोट्या बर्नरवर, आणि ७ मिनिटं. मधे एकदा पुन्हा गोल हिसका. तुकडे उलटू नका, एवढ्या रस्स्यात उलटायची गरजच नसते.

झाकण पूर्ण बंद नको, दोन बोटं फट ठेवा. पूर्ण झाकलं की त्याच जाळावर रस्सा उकळीला जातो.

सहाव्या मिनिटाला सगळ्यात जाड तुकडा बघा. सुरीचं टोक मणक्याच्या काट्यापाशी घाला. मांस काट्याला चिकटून गुलाबी-चकचकीत दिसलं तर दोन मिनिटं आणखी. पांढरं, अपारदर्शक आणि काट्यापासून अलगद सुटणारं दिसलं तर गॅस बंद, खाली उतरवा, वरून सांभार म्हणजे कोथिंबीर. जाड बुडाचा गंज असेल तर झाला असं वाटण्याच्या मिनिटभर आधीच बंद करा, उरलेलं तो स्वतः करतो.

मग दहा मिनिटं हात लावू नका. उतरवल्या-उतरवल्या मांस सगळ्यात ठिसूळ असतं, किंचित निवलं की पुन्हा आवळतं. वाढताना पळी नाही, रुंद सराटा, साल खाली आहे तिथून आत सरकवा.

सुरमई_प्रेमी
हेच वेळापत्रक सुरमईला चालेल का?

थर्मामीटर_वर्धारोड
सुरमईला चालेल, घट्ट मासा आहे. पापलेट पातळ असतो, अख्खा टाकला तरी सगळ्यात जाड भाग मोजून चार-पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. बोंबलाला हे काहीच लागू नाही. त्यात इतकं पाणी असतं की दोन-तीन मिनिटांत काम संपवायला लागतं.

वाडी_नाका
घरी कार्यक्रम आहे, पाच किलो कतला. मोठा पातेला एकच आहे.

तर्रीताई
एकाच पातेल्यात नका करू. रस्सा एकत्र करा, मासा सोडायच्या वेळी दोन-तीन पसरट भांड्यांत वाटा. एकाच खोल पातेल्यात पाच किलो पडला तर उकळी परत यायलाच खूप वेळ लागतो, खालचे तुकडे तोवर सुटलेले असतात, आणि एवढा रस्सा गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहून सगळ्यांना शिजवत राहतो. भांडी नसतीलच तर तुकडे अडीच सेंमीचे कापून घ्या आणि तीन पाळ्यांत करा. शिजलेले तुकडे झाऱ्यानं परातीत काढायचे, वाढताना वरून गरम रस्सा.

मानेवाडा_चौक
दुसऱ्या दिवशी उरलेलं गरम करताना?

भोईपुरा_कट
तुकडे थंड असतानाच बाहेर काढा, थंड असताना ते घट्ट असतात. रस्सा एकटा खळखळून उकळा, गॅस बंद करा, तुकडे परत सोडा, झाकून पाच-सहा मिनिटं. मधला भाग गार लागला तर पुन्हा दोन मिनिटं बारीक आच.

धंतोली_दा
आणि तळलेले असतील तर तेही टिकतात, एवढं लिहून ठेवतो.

तर्रीताई
दादा, एकदा एकाच माशाचे निम्मे तुकडे तळून, निम्मे कच्चे, दोन गंजांत एकच रस्सा घालून बघा. तळलेल्यांना चार मिनिटं, कच्च्यांना सात. मग बोलू.

धंतोली_दा
रविवारी करतो. पण मोहरीच्या तेलात.